पावतीवरचा १ आणि वहीतला 9

प्रश्न: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या देवस्थान समितीचा मी खजिनदार आहे. जत्रेच्या पावत्या आम्ही मराठी आकड्यांत फाडतो आणि माझा पुतण्या त्या कॉम्प्युटरवर इंग्रजी आकड्यांत चढवतो. यंदा वहीतली बेरीज हातातल्या पैशांपेक्षा १,६४८ रुपयांनी जास्त येते. पैसे तीन वेळा मोजले. चूक कुठे शोधू? आणि यापुढे पावतीवर, चेकवर, मेसेजमध्ये आकडे कुठले लिहायचे? मराठी आकड्यांचा चेक बँक घेते का?

उत्तर:

पैसे चौथ्यांदा मोजू नका. आधी १,६४८ ला ८ ने भागा. २०६ येतात आणि बाकी काही उरत नाही. तुमचा फरक बहुधा या २०६ मध्येच दडलेला आहे.

बँकेच्या शाखेत आणि क्लिअरिंगमध्ये मिळून माझी एकतीस वर्षे गेली. आता फोंड्याच्या आसपासच्या तीन-चार देवस्थानांचे आणि एका पतसंस्थेचे हिशेब मी तपासून देतो. संध्याकाळी कॅश जुळली नाही की काही ठरावीक गोष्टी आधी पाहायच्या, हे आम्हाला वरिष्ठांनी शिकवले होते. फरकाएवढ्याच रकमेची एखादी नोंद आहे का? असेल तर ती राहून गेली असेल किंवा दोनदा पडली असेल. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद आहे का? असेल तर ती जमेऐवजी नावे पडली असेल. फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो का? जात असेल तर दोन आकडे लिहिताना उलटे पडले असतील, जसे ५४० चे ४५०. तुमच्या बाबतीत हे तिन्ही बसत नाही. १,६४८ ची पावती देवळात कोणी फाडत नाही, निम्म्याची म्हणजे ८२४ चीही नाही, आणि ९ ने भागल्यावर बाकी उरते.

चौथी परीक्षा पुस्तकात नसते. गोव्यात काउंटरवर बसल्यावर ती शिकावी लागली, कारण इथे एकाच दिवसात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही आकड्यांतले कागद हाताखालून जातात. हाताने घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजीची सवय असलेल्या डोळ्याला 9 दिसतो. दोघांत फरक ८ चा. आकडा एककाच्या घरात असेल तर ८ रुपये, दशकात ८०, शतकात ८००. अशा चुका कितीही झाल्या तरी त्यांच्या एकूण फरकाला ८ ने भाग जातोच.

आता २०६ कसे वाचायचे ते पाहा. शतकाच्या घरात २, दशकात शून्य, एककात ६. म्हणजे शतकातला १ दोन ठिकाणी 9 झाला असावा आणि एककातला १ सहा ठिकाणी. जत्रेच्या पावत्या बहुतेक एकावर संपतात: १०१, २०१, ३०१, ५०१, १,००१. त्यामुळे एककातले सहा मला अगदी स्वाभाविक वाटतात. शतकात १ असलेली आणि एकावर संपणारी रक्कम म्हणजे, उदाहरणार्थ, २,१०१ किंवा ३,१०१. अशा दोन पावत्या 2,909 किंवा 3,909 म्हणून चढल्या असतील तर प्रत्येकी ८०८ प्रमाणे १,६१६ झाले. उरले ३२, म्हणजे २०१ ची 209 किंवा ३०१ ची 309 झालेल्या चार पावत्या. १,६१६ आणि ३२ मिळून बरोबर १,६४८.

म्हणून सगळ्या पावत्या पहिल्यापासून तपासत बसू नका. पुतण्याच्या यादीत 9 वर संपणाऱ्या रकमा तेवढ्या काढायला सांगा. देवळाला २०९ किंवा २,९०९ रुपये कोण देतो? अशी प्रत्येक नोंद स्थळप्रतीशी ताडा. हे अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र ही परीक्षा म्हणजे पुरावा नव्हे. कुठलीही रक्कम सहज म्हणून घेतली तरी आठांतून एकदा तिला ८ ने भाग जाणारच, आणि २०६ ची फोड दुसऱ्या तऱ्हेनेही होऊ शकते. स्थळप्रत हातात घेऊन नोंद सापडली तरच चूक सापडली म्हणायचे. पण तुमच्याकडे आणखी एक खूण आहे: वही जास्त दाखवते आहे आणि रोख कमी आहे. १ चा 9 झाला की असेच होते. वही कमी आणि रोख जास्त असती तर मी दुसरीकडे पाहिले असते. ते पुढे येईल.

तुमच्या पुतण्याला बोल लावू नका. नीट वाचणाऱ्या माणसाकडूनही हे होते, आणि का होते ते कळले तर पुढची जत्रा सोपी जाईल.

मराठी २, ३ आणि ० हे इंग्रजी 2, 3 आणि 0 सारखेच दिसतात आणि त्यांची किंमतही तीच. म्हणून ते कधी फसवत नाहीत. पण समोरचा कागद कुठल्या आकड्यांत लिहिला आहे, हेही ते सांगत नाहीत. '१५,६७०' पाहिल्याबरोबर डोळा ओळखतो की हे मराठी आहे, कारण तो ६ इंग्रजीत असूच शकत नाही. एकदा ओळख पटली की पहिला १ सुद्धा एकच वाचला जातो. आता '२०१' घ्या, '३०१' घ्या, '२,१००' घ्या. यांत १ सोडला तर बाकी सगळे दोन्हीकडे सारखे. १ ची साक्ष द्यायला शेजारी कोणी नाही. वाचणारा ज्या सवयीने बसला असेल त्या सवयीने तो आकडा वाचतो. देणगीच्या रकमा नेमक्या याच घडणीच्या असतात: एखादा दोन किंवा तीन, मध्ये शून्ये, शेवटी एक.

आणखी एक गोष्ट. सर्वांत पुढचा आकडा चुकला तर सहसा लगेच उघडे पडते. १५ हजारांचे कोणी 95 हजार वाचले तर मंडपाचे बिल एवढे कसे, असे कोणीतरी विचारतेच. मधला किंवा शेवटचा आकडा चुकला तर रक्कम शहाण्यासारखी दिसते. २,१०० आणि २,९०० दोन्ही रकमा पटण्यासारख्या आहेत. म्हणून पहिल्या घरातल्या १ ची मला फारशी काळजी वाटत नाही, मधल्या घरातल्याची वाटते.

हे मी स्वतःच्या हाताने केले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कॅश काउंटरवर होतो. तेव्हा पैसे काढायची स्लिप आधी लेजरवर जायची, तिथे नोंद होऊन अधिकाऱ्याची सही व्हायची आणि मग माझ्याकडे यायची. पेडण्याकडचे एक वयस्क गृहस्थ आले होते. स्लिपवर मराठीत २,१०० लिहिलेले आणि अक्षरी ओळीत 'एकवीसशे'. लेजरच्या कारकुनाने अक्षरी ओळ वाचून २,१०० नावे टाकले. मी फक्त चौकटीतला आकडा पाहिला आणि २,९०० मोजून दिले. त्यांनीही काउंटरवर न मोजता पिशवीत टाकले, बस पकडायची होती. संध्याकाळी कॅश बरोबर ८०० ने कमी. माझा पेमेंटचा स्क्रोल आणि लेजर शेजारी ठेवून ओळीने ताडल्यावर एकाच स्लिपच्या दोन रकमा सापडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी ते गृहस्थ आठशे रुपये घेऊन पायरीवर बसलेले होते. त्यांची मान खाली होती आणि माझीही. त्या दिवसापासून मी कुठल्याही कागदावरची अक्षरी ओळ आधी वाचतो आणि आकडा नंतर. शंका आली की स्लिप उलटी करून दाखवायची आणि विचारायचे, "बाब, हें एक काय णव?" त्यात कमीपणा काही नाही.

बाकीच्या जोड्या थोडक्यात सांगतो. मराठी ४ चे वरचे तोंड घाईत मिटले की तो इंग्रजी 8 होतो. फरक ४ चा, म्हणजे ४, ४० किंवा ४००, आणि वही जास्त. मराठी ५ इंग्रजी 4 सारखा दिसतो. फरक १ चा, आणि वही कमी. ७ चा 6 क्वचित होतो, तिथेही फरक १ चा आणि वही कमी. म्हणून वही १०० ने कमी आली तर मी आधी ५ असलेल्या पावत्या चाळतो.

गोव्यात एक जोडी आणखी भेटते आणि तिचा मराठी आकड्यांशी संबंध नाही. पोर्तुगीज शाळेत शिकलेली आमच्या आधीची पिढी इंग्रजी 1 लिहिताना वरून लांब रेघ ओढते आणि तो 7 वाटतो. 7 वेगळा दिसावा म्हणून ते लोक त्याच्या पोटात आडवी रेघ मारतात. ज्याला हे ठाऊक नाही तो बिनरेघेचा 1 सात म्हणून वाचतो आणि फरक ६ चा, ६० चा किंवा ६०० चा पडतो. त्याच काळातल्या जुन्या कागदांत हजाराच्या जागी स्वल्पविराम नसून टिंब असते. तिथे 2.100 म्हणजे एकवीसशे. देवस्थानच्या जुन्या दप्तरातल्या रकमा कोणी नव्या वहीत उतरवत असेल, तर त्याला हे आधी सांगून ठेवा.

वही कमी आणि रोख जास्त असेल तर काय, हे सांगायचे राहिले. ५ चा 4 होणे हे एक कारण. दुसरे कारण कॉम्प्युटरच्या तक्त्यात असते आणि ते जास्त फसवे, कारण पडद्यावर सगळे ठीक दिसते. फोनवरचा मराठी कळफलक चालू ठेवून कोणी रक्कम '५०१' अशी टाइप केली, तर कॉम्प्युटरच्या लेखी ही चिन्हे इंग्रजी 501 पेक्षा सर्वस्वी वेगळी. तक्ता अनेकदा त्यांना रक्कम न मानता नुसता मजकूर मानतो आणि बेरीज करताना ती ओळ गुपचूप वगळतो. चूक झाल्याचे सांगतही नाही. ओळखायची सोपी खूण अशी की आकडा म्हणून घेतलेली रक्कम रकान्यात उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर म्हणून घेतलेली डाव्या कडेला. कोणी रकाना मुद्दाम मध्ये घेतला असेल तर ही खूण दिसणार नाही. मग रक्कम B रकान्यात आहे असे धरून शेजारच्या मोकळ्या रकान्यात हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=ISNUMBER(B2)
```

जिथे FALSE येईल ती रक्कम बेरजेत धरलेली नाही. ती पुसून इंग्रजी आकड्यांत पुन्हा टाका. पुतण्याला सांगा, नावे मराठीत असू देत, पण रकमेच्या रकान्यात आल्यावर कळफलक बदलायचा.

आता चेक. मराठीत चेक लिहायला मुभा आहे. चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिता येतो, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेले आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. काउंटरवर कोणी मराठी चेक पाहून नाक मुरडले तर मॅनेजरकडे जा. तुमची बाजू बरोबर आहे.

तरीही चौकटीतला आकडा इंग्रजीत लिहा, असे मी सांगतो, आणि ते कायद्याच्या भीतीने सांगत नाही. कागदाचा प्रवास पाहून सांगतो. तुमचा मंडपवाला बेळगावचा असेल तर तो चेक तिथल्या त्याच्या बँकेत भरणार. कागद तिथेच राहतो आणि चेकचे फक्त छायाचित्र क्लिअरिंगमधून तुमच्या बँकेकडे येते. रक्कम त्या छायाचित्रावरून कोणीतरी टंकते. ते माणूस कुठल्या गावचे असेल आणि त्याला मराठी १ ओळखता येईल का, हे तुमच्या हातात नाही. तुमच्या शाखेतल्या ज्या कॅशियरला तुमचे अक्षर वीस वर्षे ठाऊक आहे, त्याच्यासमोर तो चेक कदाचित येणारच नाही.

तुम्ही म्हणाल, अक्षरी रक्कम तर बरोबर आहे ना? कायदा तुमच्या बाजूने आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचे कलम १८ सांगते की आकडी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. पण कलमाने चेक वटण्याची खात्री मिळत नाही. आकडी आणि अक्षरी रकमेत फरक आहे असे कोणाला नुसते वाटले, तरी व्यवहारात तो चेक त्याच शेऱ्यासह परत पाठवला जातो. मग दंड, मंडपवाल्याचा फोन आणि समितीच्या सभेत स्पष्टीकरण. कलम १८ वादात कामी येते, घाईत येत नाही.

अक्षरी ओळ मराठीत लिहायला माझी हरकत नाही, फक्त ती फोड करून लिहा. 'एकवीसशे', 'अडीच हजार', 'पावणेदोन लाख' हे बोलायला गोड आहेत, पण चेकवर 'दोन हजार एकशे', 'दोन हजार पाचशे', 'एक लाख पंचाहत्तर हजार' असे लिहून पुढे 'मात्र' लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ ओढा. पैसे देणारा-घेणारा दोघेही गोव्याबाहेरचे असतील तर अक्षरी ओळही इंग्रजीतच बरी. चौकटीत मात्र दोन्ही लिपी मिसळू नका. '२,१00' असे लिहिलेले चेक मी पाहिले आहेत. लिहिणारा पहिले दोन आकडे मराठी मनाने लिहितो आणि शून्यांवर आल्यावर हात इंग्रजी होतो. शून्यांना त्याने काही होत नाही, पण मधला १ एकटा पडतो.

चुकून मराठीत लिहिले आणि वर गिरवून इंग्रजी केले, तर तो चेक फाडून टाका. क्लिअरिंगला जाणाऱ्या चेकवर नावात किंवा रकमेत खाडाखोड चालत नाही. मुदतीसाठी तारीख बदलणे तेवढे चालते. शेजारी सही करून भागत असे ते दिवस गेले. आणि रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आहे. चेक दिल्यावर त्याची तारीख, नाव आणि रक्कम आपण बँकेला आधी कळवायची, आणि चेक आला की बँक दोन्ही ताडते. तिथे टाकलेली रक्कम आणि चेकवरची रक्कम एकाच हाताने, एकाच लिपीत, एकाच बैठकीत लिहा.

सरकारी आणि बँकेच्या छापील फॉर्मवर इंग्रजी आकडे का, म्हणून काही मंडळी रागावतात. त्यांना मी एवढेच दाखवतो की राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात त्यांना 'इंग्रजी' म्हटलेलेच नाही. तिथे शब्द आहेत 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप'. आपण जे दोन संच लिहितो ते एकाच घरातले. म्हणून चेकच्या चौकटीत 2,101 लिहिताना मला मराठीशी प्रतारणा केल्यासारखे वाटत नाही, आणि देवळाच्या पावतीवर २,१०१ लिहिताना मागासल्यासारखेही वाटत नाही.

मेसेजचा प्रकार वेगळा आहे. पडद्यावर छापील १ आणि 9 यांत घोटाळा सहसा होत नाही. घोटाळा होतो तो उतरवताना. सचिव समितीच्या ग्रुपवर लिहितो, 'मंडपवाल्याला १४,५०० द्या'. तुम्ही ते कॉपी करून पैसे पाठवायच्या अॅपमध्ये चिकटवायला जाता. तिथला रकमेचा रकाना इंग्रजी आकड्यांचा असल्यामुळे अनेकदा ते घेतच नाही. मग तुम्ही एका पडद्यावर वाचता, दुसऱ्यावर टाइप करता, आणि मध्ये ४ चा 8 मनातल्या मनात होतो. महिन्याभराने तोच मेसेज शोधायला '14,500' टाकले तर सापडतही नाही, कारण फोनच्या लेखी ती वेगळी चिन्हे आहेत. म्हणून पैसे द्यायच्या मेसेजमध्ये रक्कम अशी लिहायला सांगा: 'मंडप बाकी 14,500, अक्षरी चौदा हजार पाचशे, आज द्यायचे'. पाठवणाऱ्याला चार शब्द जास्त पडतात, पण ते पडू देत.

रकमेपेक्षाही मला खाते क्रमांकाची जास्त धास्ती वाटते. रकमेला अक्षरी ओळ असते, आणि चुकली तर 'एवढी कशी' असे मनात येते. खाते क्रमांकाला अक्षरी ओळ नाही आणि तो चुकीचा आहे की बरोबर हे नुसते पाहून कळत नाही. बँक पैसे जमा करते ती खाते क्रमांकावरून, नावावरून नाही. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते. १ चा 9 झाला आणि त्या क्रमांकाचे खाते खरोखर कोणाचे असले तर पैसे तिकडे जातात, आणि परत मिळवायला त्या माणसाची संमती लागते. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधी पाहायची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नका. खाते क्रमांक कधीही मराठी आकड्यांत पाठवू नका आणि हाताने लिहून फोटोही पाठवू नका. पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागा, चार-चार आकडे तोडून वाचा, आधी एक रुपया पाठवा आणि तो मिळाला का ते फोन करून विचारा. आयएफएससी कोडचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे कोणी ओ लिहून पाठवतो, तेवढे पाहा.

आता पावतीपुस्तकाकडे येतो. पावती मराठी आकड्यांतच ठेवा. देणारा आपल्या गावचा, लिहिणारा आपल्या गावचा, कागद गावातच राहतो. तिथे बदल करायचे कारण मला दिसत नाही. मोडते ती साखळी पावतीवरून वहीत जाताना. तुमच्या पावतीवर 'अक्षरी रुपये' अशी ओळ छापलेली असणारच. जत्रेच्या गर्दीत ती कोरी राहते, हे मी जवळजवळ प्रत्येक देवस्थानात पाहिले आहे. ती भरल्याशिवाय पावती फाडायची नाही, एवढा ठराव समितीत करून घ्या. रांग थोडी लांबेल. आणि चढवणाऱ्याने स्थळप्रतीवरची अक्षरी ओळ वाचून रक्कम टाकायची, आकडा फक्त ताडायला. 'तीनशे एक' चे 309 कोणीही करत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत अडखळायला होते, पण देणगीच्या रकमांत असले शब्द क्वचित येतात. आला तर विचारायला सांगा.

लिहिणाऱ्याने १ चे शेपूट उजवीकडे खाली सोडावे. इंग्रजी 9 चा दांडा सरळ खाली येतो किंवा डावीकडे वळतो, त्यामुळे दोन्ही वेगळे राहतात. ४ चे तोंड वर उघडे ठेवावे.

आणि बेरीज पुस्तकागणिक करा. एक पुस्तक संपले की शेवटच्या स्थळप्रतीच्या मागे त्या पुस्तकाची बेरीज आकडी आणि अक्षरी लिहून दोघांनी सही करायची, आणि तेवढी रोख वेगळ्या पाकिटात ठेवायची. पुतण्यानेही पुस्तकागणिक बेरीज काढायची. मग फरक आला तरी तो पन्नास किंवा शंभर पावत्यांत अडकलेला असतो, शोधायला सगळी जत्रा उपसावी लागत नाही. यंदाच्या पावत्यांवर हे करायला अजून उशीर झालेला नाही. पुस्तके घेऊन बसा, 9 वर संपणाऱ्या नोंदी आधी काढा, आणि दुरुस्त करताना जुनी नोंद पुसू नका. तिच्यावर एक रेघ ओढून शेजारी बरोबर रक्कम, पावती क्रमांक आणि सही घाला, म्हणजे ऑडिटरला दुरुस्ती का केली ते तिथेच दिसेल.